लहान म्हणजे किती लहान?

१९४४ च्या जूनमध्ये जर्मनीने लंडनवर एक नवं अस्त्र सोडायला सुरुवात केली. व्ही-१ नावाचा हा उडता बॉम्ब होता. त्यात वैमानिक नव्हता. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून तो सुटायचा. त्याच्या नाकाशी एक छोटा पंखा असायचा, त्याच्या फेऱ्यांवरून कापलेलं अंतर मोजलं जायचं आणि ठरावीक फेऱ्या पूर्ण झाल्या की यंत्रणा त्याला जमिनीकडे वळवायची. तो नेमका कुठे पडेल हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नसे. तरीही लंडनमध्ये सगळीकडे एकच बोललं जात होतं, की बॉम्ब ठरावीक वस्त्यांवर झुंडीने पडतायत. एका गल्लीत तीन-तीन आणि शेजारचा अख्खा भाग कोरा, हे लोक डोळ्यांनी बघत होते.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये आर. डी. क्लार्क या विमा-गणितज्ञाने विमागणितज्ञांच्या नियतकालिकात एक छोटंसं टिपण लिहून हा समज तपासला. त्याने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेतला आणि त्यावर पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन आखले. या भागात एकूण ५३७ बॉम्ब पडले होते. कोणत्या चौकोनात किती पडले, ते त्याने मोजलं. २२९ चौकोनांत एकही पडला नव्हता. २११ चौकोनांत एक, ९३ चौकोनांत दोन, ३५ चौकोनांत तीन आणि ७ चौकोनांत चार पडले होते. एका चौकोनावर मात्र पाचाहून जास्त, म्हणजे सात बॉम्ब पडले होते.

नेम धरलेला नसता, प्रत्येक बॉम्ब कुठल्याही चौकोनात सारख्याच शक्यतेने पडला असता, तर हे आकडे कसे दिसले असते? आज आपल्याला याच प्रश्नात शिरायचं आहे.

कुठलाही एक चौकोन घ्या. ५३७ बॉम्बपैकी प्रत्येक जण त्यात पडण्याची शक्यता ५७६ मध्ये १ आहे. आकड्यांत ती साधारण ०.००१७ भरते. म्हणजे ५३७ वेळा एक अगदी दुर्मीळ प्रयोग झाला, आणि त्यातले किती ‘यशस्वी’ झाले ते आपण मोजतो. (बॉम्ब पडण्याला यश म्हणणं बरं वाटत नाही, पण पाठ्यपुस्तकांची भाषा तशीच आहे.) प्रयोगांची संख्या n, प्रत्येक वेळची शक्यता p, आणि प्रयोग एकमेकांपासून स्वतंत्र, अशी मांडणी असली की अचूक उत्तर द्विपद वितरण देतं. एकही बॉम्ब न पडण्याची शक्यता (५७५/५७६) चा ५३७ वा घात. कागदावर हे लिहायला सोपं आहे, पण १९४६ मध्ये हाताने काढायला त्रासाचं होतं. शिवाय एक, दोन, तीन बॉम्बसाठी तेवढेच मोठे गुणाकार पुन्हा करायचे.

इथे सिमेओं दनी प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचं सूत्र कामाला येतं. १८३७ च्या त्याच्या ग्रंथाचा मूळ विषय होता न्यायालयांचे निर्णय आणि त्यांत चूक होण्याची शक्यता. त्या ओघात त्याने दाखवलं, की p लहान आणि n मोठा असेल तर n आणि p वेगवेगळे ठाऊक असायची गरज उरत नाही. त्यांचा गुणाकार पुरतो. या गुणाकाराला λ म्हणतात, आणि तो म्हणजे साधी सरासरी. आपल्या बाबतीत ५३७ भागिले ५७६, म्हणजे एका चौकोनामागे सरासरी ०.९३२ बॉम्ब.

त्यापुढचा हिशोब एका ओळीचा आहे. शून्याची शक्यता e^(−λ). e म्हणजे २.७१८ ही नैसर्गिक लॉगरिदमची पायाभूत संख्या. λ = ०.९३२ साठी उत्तर येतं ०.३९३७. एकाची शक्यता हवी तर याला λ ने गुणा. दोनाची हवी तर त्या उत्तराला λ/२ ने गुणा, तिनाची हवी तर λ/३ ने, आणि असंच पुढे. मिळालेल्या प्रत्येक आकड्याला ५७६ ने गुणलं की चौकोनांची अपेक्षित संख्या मिळते. एकही बॉम्ब नसलेले २२६.७४, एक असलेले २११.३९, दोनाचे ९८.५४, तिनाचे ३०.६२, चाराचे ७.१४, आणि पाच किंवा जास्तीचे १.५७.

हे आकडे वर मोजलेल्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. २२९ आणि २२६.७, २११ आणि २११.४, ७ आणि ७.१. सगळ्यांत मोठा फरक दोन बॉम्बवाल्या चौकोनांत आहे, ९३ आणि ९८.५. नुसत्या योगायोगाने याहून मोठे फरक सहज पडतात. बॉम्ब झुंडीने पडत नव्हते. एका गल्लीत तीन आणि शेजारी शून्य, हे दृश्य निव्वळ यदृच्छेतूनच तयार झालं होतं. यदृच्छेने पडणाऱ्या गोष्टी सारख्या अंतरावर पडत नाहीत. पाचशेहून जास्त चौकोनांपैकी पस्तीसेक चौकोनांत तीन-तीन पडणं अगदी नेहमीचं आहे.

पण इथे एक आडवा प्रश्न येतो, आणि बहुतेक पुस्तकं त्यावरून चटकन पुढे सरकतात. आपण अचूक सूत्र सोडून त्याच्या जवळचं एक सोपं सूत्र वापरलं. त्यात किती गमावलं? द्विपद वितरणाने तेच आकडे काढले तर येतात २२६.५६, २११.५९ आणि ९८.६२. म्हणजे एका चौकोनाच्या पाचव्या हिश्श्याएवढा फरक. तो कुणाला दिसणारही नाही. पण हा फरक इतका लहान का? p अजून लहान असायला हवा होता का? n तेवढा मोठा नसता तर काय बिघडलं असतं?

कॉलेजात याचं ठरीव उत्तर शिकवतात, ‘n मोठा हवा आणि p लहान हवा.’ सोबत एखादा अंगठेनियम असतो. n किमान २० आणि p जास्तीत जास्त ०.०५, किंवा n किमान १०० आणि np जास्तीत जास्त १०. विद्यार्थी या दोन्ही अटी सारख्याच वजनाच्या समजून पाठ करतात. माझं स्पष्ट मत आहे, की यातल्या एका अटीला उगाच मान मिळाला आहे. अचूकता ठरवतो तो p. n जवळपास काहीच ठरवत नाही.

हे पटायला एकाच प्रयोगापासून सुरुवात करू. समजा p = ०.०५, म्हणजे वीसात एक. प्रयोग एकदाच करायचा. खरं वितरण सरळ आहे. शून्याची शक्यता ०.९५, एकाची ०.०५, आणि दोनाची नाहीच, कारण प्रयोग एकच आहे. आता त्याच्या जागी ०.०५ सरासरीचं प्वासाँ वितरण ठेवू. ते म्हणतं, शून्याची शक्यता ०.९५१२, एकाची ०.०४७६, आणि दोन किंवा जास्तीची ०.००१२. म्हणजे प्वासाँने ‘एक’ मधून ०.००२४ एवढी शक्यता काढली. त्यातली साधारण अर्धी शून्याला दिली आणि अर्धी ‘दोन किंवा जास्त’ या घडूच न शकणाऱ्या गोष्टीला. ही ०.००२४ म्हणजे एका प्रयोगामागची चूक. ०.०५ चा वर्ग ०.००२५ येतो, आणि चूक त्याच्या जरा खालीच असते, हे p कितीही घेतला तरी खरं ठरतं.

आता असे n प्रयोग करा. प्वासाँ वितरणांची एक सोय अशी, की स्वतंत्र प्वासाँ संख्यांची बेरीजही प्वासाँच असते आणि तिची सरासरी सगळ्या सरासरींची बेरीज असते. म्हणून एकेक खरा प्रयोग काढून त्या जागी प्वासाँ ठेवत गेलं, की शेवटी np सरासरीचं प्वासाँ वितरण हाती येतं. प्रत्येक बदलात जास्तीत जास्त p² एवढी चूक शिरते. बदल n वेळा केला, म्हणजे एकूण चूक np² च्या पुढे जाणार नाही. हा निकाल ल्यूसियाँ ले काम या फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत शिकवणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाचा आहे, १९६० चा. इथे ‘चूक’ म्हणजे शून्य किती, तिनापेक्षा जास्त किती, सम किती, यांपैकी कुठलाही प्रश्न विचारला तरी दोन सूत्रांच्या उत्तरांत पडू शकणारा सर्वांत मोठा फरक.

या सूत्रात n कुठे बसला आहे बघा. तो चुकीला गुणतो आहे. n वाढला की चूक कमी होईल असं इथे काहीच नाही. चूक खाली ठेवतो तो p चा वर्ग. लंडनच्या बाबतीत np² म्हणजे ५३७ भागिले ५७६ चा वर्ग, ०.००१६. म्हणून प्वासाँने काढलेला कुठलाही आकडा द्विपद आकड्यापासून ०.१६ टक्क्यापेक्षा जास्त दूर जाऊच शकत नव्हता.

एक उलट उदाहरण घेऊ. p = ०.०५ ठेवा आणि n बदला. अंगठेनियमाप्रमाणे n = २० ही सीमा. तिथे एकही यश न मिळण्याची खरी शक्यता ०.३५८५ आणि प्वासाँची ०.३६७९, फरक ०.००९४. आता नियम मोडून n = ५ घ्या. खरी शक्यता ०.७७३८, प्वासाँची ०.७७८८, फरक ०.००५०. नियम मोडल्यावर उत्तर सुधारलं! n ची अट अचूकतेसाठी नव्हतीच, हे यातून स्वच्छ दिसतं. ती एवढ्याचसाठी, की पाच प्रयोगांचा हिशोब कुणीही बोटांवर करेल, त्याला सोप्या सूत्राची गरजच नाही.

मग n खूप मोठा झाला तर? ले कामच्या सूत्रावरून वाटेल की चूक वाढतच जाईल. १००० प्रयोग आणि p = ०.०५ घेतले तर np² अडीच येतं, आणि शक्यतांमधला फरक एकापेक्षा जास्त कधी नसतोच. म्हणजे इथे हे सूत्र काहीच सांगत नाही. कारण ले कामने प्रत्येक वेळची चूक निमूट जोडली. सरासरी मोठी झाली की वितरण पसरतं, आणि पसरलेल्या वितरणात एका बदलाने झालेली छोटी सरकासरक विरून जाते. हा हिशोब अँड्र्यू बार्बर आणि पीटर हॉल यांनी १९८४ मध्ये नेमका मांडला. np एकापेक्षा मोठा असेल तर चूक p च्या पुढे जात नाही, मग n हजार असो की कोटी. np मोठा आणि p लहान असताना चूक नेमकी किती, तेही रशियन गणितज्ञ युरी प्रोखोरोव्ह यांनी १९५३ मध्येच काढलं होतं. ती p च्या ०.२४२ पट, म्हणजे ढोबळमानाने p च्या पाव.

‘किती लहान?’ या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे आकड्यात देता येतं. तुम्हाला किती चूक चालेल ते आधी ठरवा, आणि p त्याच्या चौपटीच्या आसपास किंवा खाली ठेवा. एक टक्का चूक चालत असेल तर p ०.०४ पर्यंत असावा. पाव टक्काच चालत असेल तर ०.०१. p = ०.१ असेल तर दोन-अडीच टक्के चूक गृहीत धरा. ‘n किमान १००, np जास्तीत जास्त १०’ हा दुसरा अंगठेनियम n = १०० वर p = ०.१ ला वाट मोकळी करतो, म्हणून तो पहिल्यापेक्षा सैल आहे. आणि np वर १० ची मर्यादा घालायचं कारण अचूकता हे नाहीच. np त्यापुढे गेला की लोक सवयीने घंटेच्या आकाराच्या सामान्य वितरणाकडे वळतात, एवढंच.

p मोठा असेल तर n कितीही वाढवून काही साधत नाही, हे नाणेफेकीत ठळक दिसतं. नाणं १०० वेळा उडवलं तर छापांची सरासरी ५०. प्वासाँला एवढंच ठाऊक. त्याच्या हिशोबाने ६० पेक्षा जास्त छापा पडण्याची शक्यता सुमारे ७ टक्के, आणि खरी शक्यता २ टक्क्यांहूनही कमी. प्वासाँ तर १०० वेळा उडवून १०१ छापा पडण्यालाही थोडी शक्यता देतं. यामागे पसरटपणाचा फरक आहे. सरासरीपासून आकडे किती लांब विखुरतात ते दाखवणारं प्रमाण विचलन द्विपद वितरणात np(1−p) चं वर्गमूळ असतं आणि प्वासाँमध्ये np चं. नाण्यासाठी ते ५ आणि ७.०७. दहा हजार वेळा उडवलंत तर ५० आणि ७०.७. गुणोत्तर जिथल्या तिथे. 1−p हा अवयव १ च्या जवळ असेल तरच दोन्ही जुळतात, आणि तो n वर अवलंबून नाही.

इथवर आपण सरसकट चूक पाहिली. पण कामाच्या जागी प्रश्न बहुतेक वेळा टोकाचा असतो. एखाद्या कारखान्यात माल तपासणाऱ्याचं उदाहरण घ्या. समजा १०० नगांचा नमुना काढला आणि एकेक नग खराब असण्याची शक्यता ०.०५ आहे. सरासरी ५ खराब नग. नेमके ५ निघण्याची शक्यता द्विपद हिशोबाने ०.१८००, प्वासाँने ०.१७५५. १० किंवा जास्त निघण्याची ०.०२८२ आणि ०.०३१८. इथवर हरकत नाही. पण १५ किंवा जास्त निघण्याची शक्यता खरी ०.०००१३६, आणि प्वासाँने ०.०००२२६. नुसता फरक बघितला तर दहा हजारात एकाहूनही कमी. पण कुणी विचारलं, की ‘अशी वाईट खेप किती खेपांत एकदा येईल?’ तर एक उत्तर सात हजारांत एकदा आणि दुसरं साडेचार हजारांत एकदा. प्वासाँने धोका पावणेदोनपटीच्या जवळपास फुगवला. वर दिलेली पाव p ची हमी या प्रश्नाला लागूच होत नाही, कारण ती फरकाची हमी आहे, गुणोत्तराची नाही. एक दिलासा मात्र आहे. दूरच्या वरच्या टोकाला प्वासाँ नेहमी जास्तच शक्यता सांगतं. त्यामुळे सुरक्षिततेच्या कामात त्याची चूक सावधगिरीच्या बाजूला पडते.

हे स्वतः पडताळायचं असेल तर स्प्रेडशीट उघडा. १४ पर्यंत खराब नग निघण्याची शक्यता दोन्ही सूत्रांनी अशी मिळते:

```
=BINOM.DIST(14,100,0.05,TRUE)
=POISSON.DIST(14,5,TRUE)
```

दोन्ही उत्तरं १ मधून वजा केली की वरचे आकडे येतील.

अचूक उत्तर असं क्षणात मिळत असेल तर आज प्वासाँचं काय काम, असं कुणीही विचारेल. n आणि p दोन्ही ठाऊक असतील तर खरंच काही काम नाही, सरळ द्विपद वापरा. पण दुर्मीळ घटनांत बहुतेक वेळा हे दोन्ही ठाऊक नसतात. हाती असते ती फक्त सरासरी.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण प्रशियाच्या घोडदळाचं. लाडिस्लाउस फॉन बोर्टकीविच या सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये लहान संख्यांच्या नियमावर एक पुस्तक लिहिलं. त्यात घोड्याची लाथ लागून मेलेल्या सैनिकांचे, १८७५ ते १८९४ या वीस वर्षांचे आकडे होते. त्यातल्या दहा पलटणींचे आकडे पुढे पाठ्यपुस्तकांत गेले. दहा पलटणी गुणिले वीस वर्षं, म्हणजे पलटण-वर्षांच्या २०० नोंदी, आणि एकूण १२२ मृत्यू. १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एकीत चार.

इथे n काय धरायचा? सैनिकांची संख्या? एक सैनिक दिवसातून कितीदा घोड्याच्या मागून जातो, ती संख्या? आणि p? कुणीच सांगू शकणार नाही, आणि सांगायची गरजही नाही. λ म्हणजे १२२ भागिले २००, ०.६१. त्यावरून प्वासाँच्या अपेक्षा १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६ येतात. प्रत्यक्ष नोंदींच्या अगदी जवळ.

इथे ले कामच्या निकालाची दुसरी बाजू उपयोगी पडते. त्याच्या युक्तिवादात सगळे p सारखे असायची गरज नव्हती. प्रत्येक प्रयोगाची चूक त्याच्या-त्याच्या p च्या वर्गाएवढी, आणि सगळ्यांची बेरीज. म्हणून तबेल्यात काम करणाऱ्याचा धोका जास्त आणि कचेरीतल्या लेखनिकाचा कमी असला तरी एका पलटणीतला वर्षभराचा आकडा प्वासाँच राहतो. एकेक p लहान असला की झालं.

पण पलटणी-पलटणींची सरासरीच वेगळी असेल तर गोष्ट बदलते. हा भेद बारीक आहे आणि तिथेच पुष्कळ लोक फसतात. लंडनच्या नकाशावर तो बघू. क्लार्कने असाच भाग निवडला होता, की त्यात बॉम्बची सरासरी घनता सगळीकडे जवळपास सारखी होती. समजा त्याने अर्धे चौकोन असे घेतले असते की जिथे सरासरी ०.५ पडतात आणि अर्धे असे की जिथे १.५ पडतात. एकूण सरासरी एकच आली असती. प्वासाँने सांगितलं असतं, की ३७ टक्के चौकोन रिकामे असतील आणि १.९ टक्के चौकोनांत चार किंवा जास्त बॉम्ब असतील. प्रत्यक्षात ४१ टक्के रिकामे निघाले असते आणि ३.४ टक्क्यांत चार किंवा जास्त. लोकांची ‘झुंडी’ची तक्रार तेव्हा खरी ठरली असती.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. प्वासाँ वितरणात विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, सरासरीएवढंच असतं. म्हणून हातातल्या आकड्यांचं विचरण काढा आणि सरासरीने भागा. लंडनचं विचरण ०.९७ आणि सरासरी ०.९३, गुणोत्तर १.०४. ५७६ चौकोनांत हे गुणोत्तर नुसत्या योगायोगानेही १ पासून ०.०६ एवढं इकडे-तिकडे होतं, तेव्हा इथे संशयाला जागा नाही. घोडदळाचं विचरण ०.६०८ आणि सरासरी ०.६१. वरच्या अर्ध्या-अर्ध्या चौकोनांच्या कल्पित नकाशात मात्र ते १.२५ आलं असतं आणि लगेच नजरेत भरलं असतं. गुणोत्तर १ पेक्षा बरंच कमी आलं तर बहुधा p लहान नाही. नाणेफेकीत ते ०.५ असतं. बरंच जास्त आलं तर एक तर गटांच्या सरासरी वेगवेगळ्या आहेत, नाही तर एक घटना दुसरीला ओढून आणते आहे. p कितीही लहान असला तरी त्याने हा दुसरा दोष झाकला जात नाही.

एक घटना दुसरीला ओढून आणण्याचं उदाहरण रोजच्या वर्तमानपत्रात असतं. एखाद्या रस्त्यावर महिन्याला किती प्राणघातक अपघात झाले, हा आकडा बऱ्याचदा प्वासाँच्या जवळ जातो, कारण लाखो वाहनं, प्रत्येकाची शक्यता अत्यल्प, आणि एका अपघाताचा दुसऱ्याशी सहसा संबंध नसतो. मृतांचा आकडा तसा वागत नाही. बस दरीत गेली की तिच्यातले प्रवासी एकत्र दगावतात. समजा अशा अपघातांपैकी निम्म्यांत एक आणि निम्म्यांत तीन जण दगावतात, तर मृतांच्या आकड्याचं विचरण सरासरीच्या अडीचपट होतं. मग एखाद्या महिन्यात मृतांचा आकडा एकदम वाढला आणि कुणी प्वासाँ लावून ‘असं योगायोगाने घडणं अशक्य’ म्हणालं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. रस्ता खरंच जास्त धोक्याचा झाला का, हे बघायचं असेल तर आधी त्या महिन्यात अपघात किती झाले ते विचारा, आणि हिशोब त्या आकड्यावर करा.